चोवीस मुलाखती एका दिवसात? आधी घड्याळ मांडून बघा

«पॅनल एकच ठेवा, प्रत्येकी वीस मिनिटं धरा, सकाळी दहा ते सहा सलग लावा. चोवीस उमेदवार आरामात होतात. मधे मोकळा वेळ ठेवला की दिवस वाया जातो.»

या सल्ल्यातला गुणाकार बरोबर आहे, पण त्यात फक्त बोलण्याचा वेळ धरलाय. उमेदवार आत येऊन बसणार, कागदपत्रं काढणार, तो गेल्यावर पॅनलमधले तिघं आपापले गुण लिहिणार. याला सहा मिनिटं लागतातच. म्हणजे १२:२० ला बोलावलेला आठवा उमेदवार आत जातो १:०२ ला. आणि हा उशीर पुढे भरून निघत नाही. एखादी मुलाखत लवकर आटोपली तरी पुढचा माणूस अजून आलेलाच नसतो. वाचलेला वेळ तिथेच संपतो, वाढलेला मात्र पुढच्या प्रत्येकाच्या माथी बसतो.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत डिप्लोमा ट्रेनींच्या मुलाखतींना मी असा दिवस लावते. प्रत्येकी ३० मिनिटं: २० बोलणं, ५ गुण, ५ मोकळी. दहाला सुरुवात, तिघं झाले की ११:३० ला चहा, ११:४५ ला पुढचे तीन. १:१५ ते २ जेवण. मग पुन्हा तीन, १५ मिनिटं चहा, शेवटचे तीन, ५:१५ ला मुलाखती संपतात. एकूण बारा. आता समजा, सकाळच्या तिन्ही मुलाखती दहा-दहा मिनिटं लांबल्या. मोकळी पाच त्यात जातात, उरलेला पंधराचा उशीर चहाची सुट्टी गिळते, आणि ११:४५ चा उमेदवार वेळेवर आत जातो. पॅनलचा चहा त्या दिवशी टेबलावरच होतो, एवढंच.

मधला «वाया» जाणारा वेळ गुणांसाठीही लागतो. गुण संध्याकाळी लिहू म्हटलं, की तिसऱ्याचं उत्तर पाचव्याच्या नावावर जातं. दोन कच्च्या मुलांनंतर आलेला बरा मुलगाही हुशार वाटतो. म्हणून गुण आधी, चर्चा नंतर.

चोवीसच घ्यायचे असतील तर दोन दिवस करा. दोन पॅनल करायची तर पहिला उमेदवार सहाही जणांनी एकत्र बसून घ्या आणि गुण ताडून पाहा, नाहीतर एका खोलीतले सात दुसऱ्या खोलीतले पाच ठरतात.

सगळ्यांना दहालाच बोलवू नका. सकाळच्या वेळा जवळच्या सिडको-सातपूरच्या मुलांना द्या. मालेगावहून एसटीने येणारा द्वारका चौकाच्या गर्दीत अडकणारच, त्याला दोननंतरची द्या. कुणी आलंच नाही तर तो अर्धा तास राखीव समजा. ११:३० ला घड्याळ पाहा: उशीर पंधरा मिनिटांच्या वर गेला असेल, तर ११:४५ पासूनच्या तिघांना तेव्हाच फोन करून नवी वेळ सांगा.