ट्रिमिंगवरच्या त्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की सर्व्हेत कमी आलेल्या माणसांना जास्त वजन, म्हणजे वेट, देऊन बेरजा लोकसंख्येशी जुळवायच्या, हे रेकिंग, आणि फार फुगलेले वेट सरासरीच्या पाच पटीवर कापायचे, हे ट्रिमिंग. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया:
"वय, लिंग, विभागाच्या बेरजा आधी जुळवायच्या आणि मग मोठे वेट पाचवर कापायचे, म्हणजे जुळवलेलंच परत मोडायचं. हे शास्त्र नाही, नको असलेल्या माणसाचं मत खोडणं आहे. 'रेकिंगनंतर बेरजा जुळतात' हे तुमचं वाक्य ट्रिमिंगनंतर खोटं ठरतं. शिवाय बेरजा 2011च्या जनगणनेच्या! आणि फोनच न उचलणाऱ्यांचं काय? असं लिहिण्याआधी थोडं फिल्डवर फिरून या."

तुमचं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. खरं तर उत्तर द्यायचंच नव्हतं, पण रात्रभर डोक्यातून गेलं नाही म्हणून लिहितोय. मी 2009 पासून हेच काम करतो. पहिली चार वर्षं कागदी फॉर्म घेऊन अकोला, वाशिम, यवतमाळच्या गावांत दारोदार फिरलोय, उन्हाळ्यात फिरलोय, आणि दुपारी पुरुष रानात गेलेले असताना घरातली बाई दार अर्धं उघडून "मालक आल्यावर या" म्हणते तेव्हा सॅम्पलमध्ये बाया का कमी पडतात हे मला कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मुद्द्यावर बोला, जरूर बोला, पण समोरचा कोण आहे हे माहीत नसताना "फिरून या" म्हणायची पद्धत मला पटत नाही. एवढं बोलून मुद्द्याकडे येतो.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. ट्रिमिंगनंतरही बेरजा तंतोतंत जुळतात असा अर्थ माझ्या वाक्यातून निघत होता, तो चूक होता, वाक्य दुरुस्त केलंय. धन्यवाद.

पण "मत खोडणं" हा शब्द तुम्ही वापरलात ना, तिथे माझी हरकत आहे, आणि त्यासाठी रेकिंगमध्ये वेट फुगतो कसा ते नीट बघावं लागेल. ही पद्धत डेमिंग आणि स्टीफन या संख्याशास्त्रज्ञांनी 1940 साली मांडली, अमेरिकेच्या जनगणनेतल्या सॅम्पलचे आकडे पूर्ण मोजणीच्या बेरजांशी जुळवण्यासाठी. साधं उदाहरण घ्या, 100 माणसं, त्यात 40 तरुण पुरुष, 10 तरुण बाया, 30 वयस्क पुरुष, 20 वयस्क बाया. आपल्याला पाहिजेत 50 पुरुष 50 बाया, आणि 40 तरुण 60 वयस्क. आधी लिंग जुळवायचं, पुरुष 70 आहेत म्हणून प्रत्येकाला 50/70, बाया 30 म्हणून प्रत्येकीला 50/30. आता लिंग बरोबर बसलं पण तरुण भरले 45.2, म्हणून तरुणांना 40/45.2 ने गुणायचं आणि वयस्कांना 60/54.8 ने. वय बसलं, पण बाया 51.3 झाल्या, म्हणजे लिंग परत थोडं हललं. मग परत लिंग, परत वय, असं फिरत राहायचं, दरवेळी फरक कमी होतो आणि काही फेऱ्यांत दोन्ही बेरजा एकदम बसतात.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट एकच. शेवटचा वेट हा गुणाकार असतो, लिंगाचा आकडा गुणिले वयाचा गुणिले विभागाचा. वरच्या उदाहरणात वयस्क बाईचा वेट साधारण 1.8 येतो, त्यात काही वावगं नाही. पण तीच बाई सॅम्पलमध्ये खूप कमी आलेल्या विभागातली असेल आणि विभागाचा आकडा 3 असेल तर ती 5.4 वर गेली. अजून शिक्षण टाकलं, मागच्या वेळचं मतदान टाकलं की तीच बाई 15-20 वर जाते. आणि रेकिंग बघतं ते फक्त कडेच्या बेरजा, म्हणजे वयाची वेगळी, लिंगाची वेगळी, विभागाची वेगळी; "अमरावती विभागातली साठीपुढची बाई" ह्या कप्प्यात एकच माणूस बसलंय हे त्याला दिसतच नाही. बेरजा सुंदर जुळतात आणि आत एका माणसावर अख्खा कप्पा उभा असतो.

हे माझ्याच कामात झालंय. काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी फोनवर 812 जणांचा सर्व्हे केला, त्यात नेमक्या ह्याच कप्प्यात दोन बाया होत्या आणि एकीचा वेट 14 आला होता. 14 भागिले 812, म्हणजे तिने एका प्रश्नाला हो म्हणायच्या ऐवजी नाही म्हटलं की अख्ख्या राज्याचा आकडा 1.7 टक्क्यांनी हलतो. दोन महिन्यांनी दुसरी फेरी केली तेव्हा तिने फोन उचलला नाही, आकडा खाली आला, आणि त्या संस्थेने "लोकांचा कल बदलला" असं छापून टाकलं. कल बिल काही बदलला नव्हता. मी आधी सांगितलं होतं, ऐकलं नाही.

आता तुमचा युक्तिवाद. तो नवीन नाही, आणि तो मोठ्या लोकांनी प्रत्यक्ष करून बघितलाय. 2016 च्या अमेरिकन निवडणुकीत युएससी डॉर्नसाइफ आणि लॉस एंजेलिस टाइम्सचा एक रोजचा पोल होता, साधारण 3,000 जणांचं तेच पॅनेल, त्यांनाच पुन्हा पुन्हा विचारायचे. त्यात इलिनॉयमधला एक 19 वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा होता आणि तो ट्रम्पला मत देणार म्हणत होता. त्याचा वेट सरासरी माणसाच्या 30 पटीपर्यंत जायचा, आणि सगळ्यात कमी वेटवाल्याच्या 300 पटीपर्यंत. न्यूयॉर्क टाइम्सने ऑक्टोबर 2016 मध्ये हिशोब मांडून दाखवलं की तो एकटा देशभराचा फरक जवळपास एका टक्क्याने ट्रम्पकडे झुकवतोय, आणि तो त्या आठवड्यात असला की कृष्णवर्णीयांमधला ट्रम्पचा पाठिंबा दोन आकडी दिसायचा. कारण काय, तर त्यांनी वयाचे कप्पे फार बारीक पाडले होते, 18 ते 21 चे पुरुष हा वेगळा गट, वर वंश, वर 2012 ला कोणाला मत दिलं तेही. आणि त्यांनी ट्रिमिंग केलं नव्हतं, विसरून नाही, ठरवून, कारण कापलं तर तरुण आणि कृष्णवर्णीय कमी पडतील म्हणून. तुमचाच मुद्दा आहे हा. त्यातून काय मिळालं? एका मुलाचं मत हजारो मुलांचं मत म्हणून रोज छापून आलं. खोडण्याबद्दल बोलायचं तर बाकीच्या तरुण कृष्णवर्णीयांचं मत इथे जास्त खोडलं गेलं.

(त्या पोलने ट्रम्पला पुढे दाखवलं आणि ट्रम्प जिंकला, म्हणून तो बरोबर होता असं कुणी सांगायला येऊ नका. तो देशभरातली मतं मोजत होता, आणि त्यात क्लिंटन 2.1 टक्क्यांनी पुढे राहिल्या.)

आता कापल्यावर नुकसान होतंच, ते मी कधीच नाकारलं नाही, आणि इथे तुम्ही लेख नीट वाचलेला दिसत नाही. 1000 जण घ्या, 990 जणांचा वेट 0.9 आणि 10 जणांचा 10.9. किश नावाच्या संख्याशास्त्रज्ञाचा हिशोब आहे, वेटच्या बेरजेचा वर्ग भागिले वेटच्या वर्गांची बेरीज, तो लावला तर ह्या 1000 जणांची ताकद फक्त 502 जणांएवढी उरते. दहा माणसांनी निम्मं सॅम्पल खाल्लं. त्या दहांना 5 वर आणलं आणि उरलेलं बाकीच्यांत वाटलं तर ताकद 861 वर जाते. पण किंमत ही, की जो गट 10.9 टक्के असायला हवा तो 5 टक्केच राहिला. तो गट बाकीच्यांपेक्षा 20 टक्क्यांनी वेगळं बोलत असेल तर उत्तर 1.2 टक्क्यांनी चुकीच्या बाजूला सरकतं. तरी एकूण चूक कमीच राहते, कारण सॅम्पलमधली माणसं बदलली की उत्तर हलतं ती डगमग 2.2 टक्क्यांवरून 1.7 वर आली. फरक साधारण 24 टक्क्यांच्या पुढे गेला की मात्र कापणं तोट्याचं. म्हणजे हा सौदा आहे, मोजून केलेला, आणि उत्तर बघून कापायचं नसतं, मर्यादा आधी लिहून ठेवायची असते. माझ्या फाइलमध्ये मर्यादेची तारीख डेटा येण्याच्या आधीची असते, दाखवू शकतो.

कापल्यावर बेरजा सुटतात त्याचं काय करायचं, तेही लेखात होतं. परत रेक करायचं, परत कापायचं, दोन-चार फेऱ्या. आर मध्ये `survey` पॅकेज लावून एक फेरी मी अशी करतो:

```r
d1 <- rake(d0, list(~vay, ~ling, ~vibhag),
           list(t_vay, t_ling, t_vibhag))
d2 <- trimWeights(d1, upper = 5 * mean(weights(d1)),
                  strict = TRUE)
svytotal(~vibhag, d2)
```

`strict = TRUE` मुद्दाम आहे, कारण कापलेलं वाटताना दुसराच कोणी मर्यादेच्या वर जाऊ शकतो. शेवटच्या ओळीत विभागाची बेरीज किती सुटली ते बघायचं, वय आणि लिंगाचंही तसंच. माझा नियम, अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर तिथेच थांबायचं आणि रिपोर्टमध्ये तो फरक छापायचा. आणि फेऱ्या मारूनही जुळत नसेल, म्हणजे रेक केलं की तोच माणूस परत 12 वर, कापलं की बेरीज परत बाहेर, तर समजायचं की दोष कात्रीचा नाही, कप्प्याचा आहे. वरच्या दहा जणांचं तेच होणार, तो गट स्वतःच कडेची बेरीज असेल तर 5 च्या मर्यादेत 10.9 टक्के भरणारच नाहीत, गणितच बसत नाही. अशा वेळी रेकिंगच्या आधी मागे जाऊन गट एकत्र करायचे. 18-21 वेगळं नको, 18-29 करा. अमरावती आणि नागपूर विभाग ह्या कामापुरते एकत्र धरा. आता त्या एकत्र गटात दहाऐवजी साठ-सत्तर माणसं असतात आणि वेट आपोआप खाली येतो, कात्री लागतच नाही बऱ्याचदा. त्या मुलाच्या बाबतीतही कप्पे आधी मोठे केले असते तर तो 30 पटीवर गेलाच नसता. मी कापायचा नंबर दुसरा धरतो, हे तुम्ही वाचलं असतं तर ही प्रतिक्रिया लिहिलीच नसती असं मला वाटतं.

2011 च्या जनगणनेबद्दल, त्यानंतरच्या जनगणनेची लोकसंख्या हातात नसताना मी आकडे आणू कुठून? सरकारी अंदाजित लोकसंख्या वापरतो आणि तसं लिहितो, विषय संपला. फोन न उचलणाऱ्यांचा विषय ह्या लेखाचा नव्हता.

तुमच्याकडे एखादा सर्व्हे असेल जिथे ट्रिमिंगने उत्तर बिघडलं असं तुम्हाला दिसलंय, तर वेटचा कॉलम आणि तिन्ही बेरजा पाठवा, नावं फोन नंबर काढून. मी स्वतः चालवून बघतो, कापून आणि न कापता, आणि दोन्ही आकडे इथेच खाली टाकतो.