एका गुणाकारात तीन हिशोब उरकणाऱ्यांनो

काल संध्याकाळी साडेपाचला वॉटरप्रूफिंगच्या उस्तादाचा फोन आला. "मॅडम, रोल संपले." मी विचारलं, किती बाजू झाल्या? म्हणे, एक लांब बाजू पूर्ण, एक आखूड बाजू पूर्ण, दुसऱ्या लांब बाजूची निम्मी झाली. म्हणजे बेसमेंटच्या भिंतीचे जवळजवळ तीस मीटर अजून उघडेच. पुण्यात जूनचा दुसरा आठवडा चालू आहे, आभाळ भरून आलेलं, आणि भराव टाकायला जेसीबी सकाळी आठला येणार म्हणून ठरलेलं. माझं डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर नाही.

रोल किती मागवले होते? एकतीस. एकतीस कुठून आले ते बघायला रात्री ऑफिसची शीट उघडली, तर त्यात हे:

```
D7:  =84*3.6
D8:  =D7*0.3
D9:  =D8*80
D10: =ROUNDUP(D7/10,0)
```

बस. चार ओळी. बेसमेंट बाहेरून २४ बाय १८ मीटर, म्हणून परिमिती ८४. भिंतीची उंची ३.६, जाडी ३०० मिमी. क्षेत्रफळ आलं ३०२.४, त्याला जाडीने गुणलं की काँक्रीट, काँक्रीटला ८० किलोने गुणलं की लोखंड, आणि क्षेत्रफळाला दहाने भागलं की वॉटरप्रूफिंगच्या डांबरी मेम्ब्रेनचे रोल. इतक्या मोठ्या भिंतीचा हिशोब चहा गार व्हायच्या आत उरकला.

अहो, काँक्रीटला दिसते ती भिंत वेगळी, सळईला दिसते ती वेगळी आणि मेम्ब्रेनला दिसते ती तर फारच वेगळी! मेम्ब्रेन राफ्टच्या, म्हणजे पायाच्या स्लॅबच्या, वरून सुरू होत नाही. राफ्टखालच्या थरावरचं जे मेम्ब्रेन बाहेर काढून ठेवलेलं असतं, त्यावर १५० मिमी चढवून सुरुवात होते. मग राफ्टची कड ४५० मिमी. मग राफ्ट भिंतीच्या बाहेर ३०० मिमी आलाय, त्याच्या माथ्यावरून आडवं जायचं, कोपऱ्यात भरलेल्या गोलसर वाट्यावरून वळायचं, मग ३.६ मीटर भिंत, आणि जमिनीच्या वर निदान ३०० मिमी चढवून थांबायचं. बेरीज करा, ४.८ मीटर होते. शीटमध्ये ३.६ आहे. एक मीटर वीस सेंटीमीटर कुणाच्या खिशातून येणार होतं?

आणि परिमितीही ८४ नाही. राफ्टची कड झाकायची तर राफ्टची परिमिती धरावी लागते, ती ८६.४. रोल एक मीटर रुंद, दहा मीटर लांब. शेजारच्या पट्ट्या एकमेकींवर १०० मिमी चढतात, म्हणजे एका पट्टीने भिंत झाकली जाते ९० सेंटीमीटरच. ८६.४ भागिले ०.९, पट्ट्या झाल्या ९६. दहा मीटरच्या रोलमधून ४.८ च्या दोन पट्ट्या निघतात, उरलेल्या चाळीस सेंटीमीटरमधून तिसरी पट्टी निघत नाही. म्हणजे ४८ रोल. चार कोपऱ्यांचे जादा तुकडे आणि पाइप जिथून भिंतीत शिरतात तिथल्या कॉलरी धरून ५०. पन्नास लागत होते आणि एकतीस आले! एकोणीस रोल कमी. यात हुशारी कसली लागते? साइटवर येऊन एकदा टेप लावला असता तर पुरलं असतं.

ऑफिसला फोन केला तर समोरून काय ऐकायला मिळालं? "मॅडम, टेन्शन घेऊ नका, ओव्हरलॅप थोडा कमी करा, मॅनेज होईल." ओव्हरलॅप कमी करा! सांधा हाच तर मेम्ब्रेनचा जीव. टॉर्चने खालची बाजू वितळली पाहिजे आणि दाबल्यावर सांध्याच्या कडेने डांबराची बारीक काळी रेघ बाहेर आली पाहिजे. ती रेघ सलग दिसली तर सांधा बसला. जिथे रेघ तुटली तिथे मी उलट्या करणीचं टोक घालून बघते, आणि सुटला सांधा तर पुन्हा टॉर्च मारायला लावते. १०० मिमीच्या जागी ४० ठेवून हे कसं तपासायचं ते त्या फोनवरच्या साहेबांनी येऊन दाखवावं. शिवाय आता रात्री पाऊस झाला, भिंत ओली आहे, प्रायमर ओल्या काँक्रीटला धरत नाही. तशीच टॉर्च मारली की आतल्या ओलीची वाफ होते आणि दोन दिवसांत भाजलेल्या पापडासारखे फुगे येतात. बोटाने टकटक केलं की पोकळ वाजतं. ते सगळं मातीखाली गेल्यावर कोण वाजवून बघणार आहे?

आणि याच माणसांनी मार्चमध्ये माझ्याशी अर्धा तास हुज्जत घातली होती, ती कशावरून? काँक्रीटवरून. मी म्हटलं बाहेरच्या परिमितीने गुणलं की चारही कोपरे दोनदा मोजले जातात, मध्यरेषेची लांबी धरा, ८४ वजा चार जाड्या, ८२.८. म्हणजे ९०.७ च्या जागी ८९.४ घनमीटर. फरक सव्वा-दीड घनमीटरचा, मिक्सरच्या एका गाडीच्या पावपटही नाही. त्या फरकावर मीटिंग झाली! आणि ज्या आकड्यात खरा खड्डा होता त्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

तो खड्डा लोखंडाचा. घनमीटरला ८० किलो हे पाठांतर या लोकांना कुणी शिकवलं देव जाणे. मातीच्या बाजूच्या उभ्या सळया घ्या. १६ मिमी, १५० च्या अंतराने, म्हणजे ८४ मीटरमध्ये ५६० सळया. शीटच्या नजरेत ही सळई ३.६ मीटर लांब, भिंत जेवढी तेवढीच. खरी सळई राफ्टमध्ये उतरून पाय दुमडून बसते, तिथे एक मीटर. राफ्टमधून वर काढून ठेवलेल्या सळईला, म्हणजे डॉवेलला, भिंतीची सळई जोडायची तर दोन्ही जितक्या लांबीत शेजारी-शेजारी बांधायच्या तो लॅप एम२५ काँक्रीट आणि ५०० ग्रेडच्या सळईला व्यासाच्या जवळपास ५० पट, म्हणजे ८०० मिमी. वर स्लॅबमध्ये दुमडायला ६०० मिमी. एकूण सहा मीटर. ३.६ नाही, सहा! १६ मिमीचं वजन मीटरला १.५८ किलो, म्हणजे नुसत्या या एका जाळीत ३.२ टनांच्या जागी ५.३ टन. आतल्या बाजूच्या उभ्या आणि दोन्ही बाजूंच्या आडव्या सळया धरून सगळं मिळून ९.४ टन बसलं. शीटमध्ये ७.२६. घनमीटरला ८० नाही, १०५ किलो लागलं.

लोखंड कमी पडल्यावर काय होतं ते मी याच साइटवर डोळ्यांनी पाहिलं. काही बोलायच्या आत फिटरने लॅप ५०० वर आणला होता, कारण त्याला वरून तसं सांगितलं गेलं. मी भिंतीच्या पायाशी टेप लावून वाकून मोजत होते आणि तो बिचारा तारेचा आकडा हातात धरून उभा. त्याची काय चूक? पूर्वेची सगळी बाजू सोडवून पुन्हा बांधून घेतली, तयार काँक्रीटच्या गाड्या दोन दिवस पुढे ढकलल्या, आणि "मॅडम फार कटकट करतात" हे वर ऐकून घेतलं. भिंतीच्या पायाशी मातीच्या बाजूला ताण सगळ्यात जास्त असतो, आणि लॅप नेमका तिथेच येतो. म्हणून तर सगळे लॅप एका ओळीत ठेवत नाहीत, एक आड एक वर-खाली करतात.

बरं, नीट बसून कटिंग काढलं असतं तर भंगारसुद्धा झालं नसतं. एक डॉवेल १.८ मीटरचं आणि त्यावर ४.२ ची सळई, शेजारचं डॉवेल ३ मीटरचं आणि त्यावर ३ ची सळई. चारही तुकडे जोडा, बरोबर बारा मीटर, बाजारात येते तीच लांबी. लॅप १.२ मीटरने वर-खाली होतात ते वेगळंच. २८० सळया आणल्या की विषय संपला. आमच्याकडे कोपऱ्यात हात-दीड हाताच्या तुकड्यांचा ढीग पडलाय आणि तरी लोखंड कमी.

आणि ८० किलोचा राग मला फक्त या साइटपुरता नाही. अरे, मातीचा दाब खाली जाऊ तसा वाढतो, त्यामुळे भिंतीच्या पायाशी येणारा वाकवणारा जोर उंचीच्या घनाने वाढतो. ३.६ ची भिंत ४.५ केली तर काँक्रीट सव्वापट होतं, पण तो जोर जवळजवळ दुप्पट! मग दोन्ही भिंतींना एकच किलो कसे लागतील? दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका साइटवर वरचा स्लॅब पडायच्या आधीच भराव टाकला होता, मुकादमाला जागा मोकळी हवी होती म्हणून. वरून स्लॅबचा टेकू मिळेल असं धरून डिझाइन केलेली भिंत टेकूशिवाय उभी राहिली तर त्याच मातीने पायाशी अडीचपट जोर येतो. पुढच्या पावसाळ्यात आतल्या बाजूला जमिनीपासून वीतभर उंचीवर, राफ्ट आणि भिंतीच्या सांध्याच्या रेषेत, सलग ओल उमटली. रहिवासी अजून तिथे बादल्या ठेवतात. तिथेही सगळ्यांनी मेम्ब्रेनवाल्याला धरलं.

आज सकाळी जेसीबी आला आणि मी त्याला परत पाठवला. ड्रायव्हरदादांना चहा दिला, त्यांचं भाडं लागेल तेवढं लागो. एकोणीस रोलची ऑर्डर रात्रीच टाकलीय, त्याच जाडीचा माल गुरुवारी येईल म्हणतात. तोवर उघड्या भिंतीवर ताडपत्री बांधलीय आणि खंदकात दोन पंप चालू आहेत. दुपारी वरून फोन आला की झालेल्या बाजूंचा तरी भराव सुरू करा. त्या बाजूंना अजून प्रोटेक्शन बोर्ड लागलेले नाहीत, आणि मुरमातला एक अणकुचीदार दगड चार मिलिमीटरच्या मेम्ब्रेनला पुरतो. मी नाही म्हटलं. बोर्डांची संख्या काढायला सांगितली, तर अर्ध्या तासात शीट आली. पहिल्याच ओळीत =84*3.6.