तीन ओळींना पाच गुण? छे!

गठ्ठा तपासायला बसलात की आदर्श उत्तर डाव्या हाताला ठेवा आणि डोकं त्याच्यावर, म्हणजे वाऱ्याने कागद उडणार नाही.

आता हा प्रश्न बघा: परिमिती 40 सेमी असलेल्या आयतांपैकी जास्तीत जास्त क्षेत्रफळ किती? गुण 5. आदर्श उत्तरात x(20 − x), मग अवकलज, मग x = 10, मग द्वितीय अवकलज −2 म्हणून महत्तम, उत्तर 100 चौ. सेमी. पायरीमागे एक गुण. आणि एक पोरगं लिहितं: बाजू 10 + d आणि 10 − d, क्षेत्रफळ 100 − d², d² कधी ऋण नसतं, म्हणून जास्तीत जास्त 100 चौ. सेमी, d = 0 असताना. संपलं!

हे वाचू नका. वाचलंत तर एकेक गुण कशासाठी ठेवलाय, असा नसता प्रश्न पडेल. पहिला गुण दिलेली अट एका चलात आणण्याचा. ते त्याने केलंय. पुढचे दोन महत्तम कुठे मिळतं ते शोधण्याचे; d = 0 म्हणजे तेच. चौथा, ते लघुतम नाही हे दाखवण्याचा. d² कधी ऋण नसतं, या चार शब्दांत त्याने ते सगळ्या आयतांसाठी एका दमात दाखवलंय. मग पाचच्या पाच द्यावे लागतील. बघा, वाचण्याचे परिणाम!

त्याच गठ्ठ्यात दुसरा एक भेटेल: 8 × 12 = 96, 9 × 11 = 99, 10 × 10 = 100, म्हणून उत्तर 100. हीसुद्धा ‘वेगळी पद्धत’च ना? नाही. 9.5 सेमीच्या बाजूचं काय, हे त्याने पाहिलेलंच नाही. तीन आयत तपासून सगळ्यांबद्दल बोलतोय. बेरीज 20 ओळखल्याचा एक आणि उत्तराचा एक, असे दोन त्याला मिळावेत. पण असा फरक करत बसायचा म्हणजे दोन्ही उत्तरं समजून घेणं आलं. त्यापेक्षा दोघांना सारखंच एकेक द्या, उत्तराचा. समानता म्हणतात ती हीच.

‘अवकलज वापरून काढा’ असं प्रश्नात छापलेलं असतं तर पोराचे गुण कापायला खरंखुरं कारण होतं. छापलेलं नाही, पण तुमच्या मनात होतं, तेवढं पुरे.

चाळिसाव्या पेपरात तीच d ची युक्ती पुन्हा दिसेल आणि मन थोडं चुकचुकेल. सहपरीक्षकांना दाखवून एकच निर्णय घ्यावा, आधीचे पेपर काढून गुण दुरुस्त करावेत, असंही वाटेल. गठ्ठा बांधून टाका. सुतळीची गाठ एकदा बसली की सुटत नाही.

आणि पोरगं पेपर बघायला आलंच, तर दरडावून विचारा, “यात अवकलज कुठे आहे?” त्यावर “सर, प्रश्नात कुठे आहे?” असं म्हणालं, तर वर्तनाचे गुण कापायची सोय आहे का, ते पाहा.