पुठ्ठा, पाचशे साठ रुपये किलो

साताऱ्यात कंदी पेढे घ्यायला गेलं आणि दुकानात आपण एकटंच गिऱ्हाईक असलं, तरी टोकन घ्यावं लागतं. हे नवीन आहे. यंत्रानं माझ्या हातात 47 नंबरची चिठ्ठी दिली. धाकटा मालक तीन फुटांवर उभा होता, तरी त्यानं ती स्पीकरवरून पुकारली. मीही शाळेतल्यासारखा हात वर केला. याचा राग अजून गेलेला नाही.

वडील गेल्यावर दुकान दोन भावांच्या नावावर झालं. थोरला भट्टीवर, धाकटा गल्ल्यावर. टोकन, काचेचा थंड काउंटर आणि भिंतीवरचा पडदा ही धाकट्याची कामगिरी. थोरला त्यातलं काहीच चालू करत नाही आणि काहीच बंद करत नाही. त्या दिवशी भांडण मात्र मागच्या खोलीतल्या खवा मशीनवरून पेटलं होतं, आणि माझे अर्धा किलो पेढे त्यात अडकले.

"दादा, चाळीस लिटर एका वेळी! तुझ्या कढईत सहा लिटरचा घाणा लागतो."

"लागतो. पण त्याचा पेढा होतो. तुझ्या मशीनचं जे होतं, ते दाढी करायला वापर."

न्यायनिवाड्याला तात्या होते. तात्या म्हणजे दारातल्या बाकड्यावर बसलेले सत्तरीचे गृहस्थ. दूध संकलन केंद्रातून निवृत्त झालेले, या दुकानाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पण दोन्ही भाऊ वाद घेऊन त्यांच्याकडेच जातात, आणि तात्या नमुना चाखल्याशिवाय मत देत नाहीत.

"आना दोन्ही," तात्या म्हणाले.

दोन वाट्या आल्या. एकीत कढईचा खवा, दुसरीत मशीनचा. तात्यांनी आधी मशीनचा उचलला, अंगठा आणि तर्जनीत चोळला आणि डोळे मिटले. मी 47 नंबर धरून उभाच.

"तूप हाय. दूध म्हशीचं हाय. लबाडी न्हाई," तात्या बोलले. धाकटा फुलला. "पर दाना मेलाय." धाकटा बसला.

पुढचं सांगायला तात्यांनी अख्खी वाटी संपवली. म्हणणं असं. पाच लिटर म्हशीच्या दुधाचा साधारण किलोभर खवा पडतो, मग तो कढईत करा नाहीतर मशीनमध्ये. फरक पडतो तो शेवटच्या दहा मिनिटांत. कढईत दूध घट्ट व्हायला लागलं की तळाला पातळ थर धरतो, किंचित तांबूस होतो, आणि कारागीर तो उलथन्यानं खरवडून पुन्हा पोटात घालतो. कंदी पेढ्याचा रंग आणि वास तिथून सुरू होतो. मशीनची पाती तळाला सतत घासत राहतात, थर धरायला सवडच देत नाहीत. म्हणून खवा पांढरा राहतो. शिवाय खवा घट्ट झाल्यावरही पाती फिरतच राहिली, तर दाणा मोडून त्याचा मलम होतो.

"मग जास्त वेळ चालू ठेवू," धाकटा म्हणाला.

"ठिवलंस की काल! काय झालं?"

धाकट्यानं उत्तर दिलं नाही. थोरल्यानं आनंदानं दिलं. रंग यावा म्हणून अर्धा तास जास्त फिरवला, तर तूप कडेला सुटलं आणि मधला खवा इतका कोरडा पडला की पेढा वळताना कडा तडकायला लागल्या. मग धाकट्यानं थोडा तयार रंग टाकायची सूचना केली, आणि थोरला दोन तास घरीच निघून गेला.

"रंगाचा पेढा वळखायला मला चष्मा लागत न्हाई," तात्या म्हणाले. पेढा मधोमध फोडायचा. भाजलेला असला तर रंग सगळीकडं सारखा नसतो, बारीक तांबूस ठिपके दिसतात. रंगवलेला असला तर आतबाहेर एकच छटा, आणि नाकाला भाजल्याचा वास नाही. एवढं सांगून त्यांनी ट्रेमधला पेढा फोडला, पाहिला आणि खाल्ला. तो ट्रे माझ्यासाठी काढलेला होता, हे इथं नोंदवून ठेवतो.

खरं म्हणजे तोडगा तिथंच पडलेला होता आणि तो तात्यांनीच सांगितला. दूध आटवायचं मशीनमध्ये. खवा भांड्याची कड सोडायला लागला की पाती थांबवायची आणि तीन-चार किलो लोखंडी कढईत काढायचा. मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजायचा आणि मग किलोला पावकिलोच्या आसपास साखर घालायची. गरम खव्यात साखर वितळते आणि सगळा गोळा पुन्हा सैल होतो. इथं घाई नडते. सैल असतानाच उतरवला तर पेढा ट्रेमध्ये पसरतो, चिकट राहतो आणि आतल्या ओलाव्यानं लवकर बुरसतो. परत घट्ट होऊन उलथन्याला गोळा सुटेपर्यंत थांबायचं. दूध ढवळायची हमाली मशीनला, भाजणं माणसाला.

"म्हणजे मशीन ठेवायचं," धाकटा म्हणाला.

"म्हणजे कढई ठेवायची," थोरला म्हणाला.

दोघं एकच बोलत होते आणि पुन्हा भांडायला लागले. मी टोकन काउंटरवर आपटलं.

धाकट्यानं नवा खोका काढला. जाड पुठ्ठा, आत सोनेरी कागद, झाकणाला चुंबक. तो काट्यावर ठेवला, त्यात पेढे रचले. 500 ग्रॅम भरले. पेढ्यांचा भाव किलोला 560 रुपये, बिल 280.

"खोक्याचं वजन?" मी विचारलं.

"साहेब, सगळीकडं असंच असतं."

तो खोका मी रिकामा तोलायला लावला. 110 ग्रॅम. म्हणजे 61 रुपये 60 पैशांचा पुठ्ठा, आणि पेढे 390 ग्रॅम. कायद्यानं वजन निव्वळ मालाचं धरायचं, वेष्टनाचं नाही, आणि काट्यावर त्यासाठीच टेअरचं बटण असतं. रिकामा खोका ठेवायचा, बटण दाबायचं, आकडा शून्यावर आला की माल भरायचा. काट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्काही होता, पण शिक्क्यानं फार तर काटा बरोबर आहे एवढंच कळतं, त्यावर काय ठेवतात ते नाही.

वडिलांच्या पितळी तराजूत दुसऱ्या पारड्यात तसलाच रिकामा खोका ठेवून धडा करायचे. तो तराजू थोरल्यानं देव्हाऱ्यासारखा वर मांडून ठेवला आहे. मला वाटलं, परंपरेचा हा खंदा रक्षक आता माझ्या बाजूनं बोलेल.

"खोका आम्हाला फुकट येतो का?" थोरला म्हणाला.

"तेच म्हणतो मी," धाकटा म्हणाला.

मी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी हातातला पेढा तोंडात टाकला आणि रस्त्याकडं बघायला लागले. ज्या माणसानं आयुष्यभर दुधाची फॅट मोजली, त्याला पुठ्ठ्याचं वजन दिसेना.

मी हट्टानं बटर पेपरात मागितले. धाकट्यानं नाराजीनं टेअर दाबलं, पाचशे ग्रॅम भरले आणि बिल हातात दिलं. पेढे 280, खाली वेगळ्या ओळीत 'पॅकिंग 15'.

"कागदाचे पंधरा?"

"पॅकिंगचे. कागद फुकटच आहे."