तिकिटावर एक गाव, पाटीवर दुसरं

भाच्याने मागे विचारलं होतं, "मामा, तिकिटावर औरंगाबाद आणि बाहेर पडलो की सगळीकडे छत्रपती संभाजीनगर. तुमच्या बेल्जियममध्ये असा घोळ असतो का?"

असतो रे, आणि इथे तर कायमचाच आहे. अँटवर्पला डच भाषा निवडून मॉन्स शहराचं तिकीट काढलं की त्यावर त्याचं डच नाव बर्गन येतं, उतरतो तिथे पाटी फ्रेंचमधल्या मॉन्सची. ब्रसेल्सहून तिकडे जाणाऱ्या गाडीत सुरुवातीला अनाउन्समेंट दोन्ही भाषांत, डच बोलणाऱ्या भागातलं हाले आलं की फक्त डच, मग भाषांची सीमा ओलांडली की फक्त फ्रेंच. ओळखीच्या एक काकू बर्गनची पाटी शोधत बसून राहिल्या आणि पुढच्या स्टेशनला पोचल्या. ऑफिसातला फ्लेमिश मित्र म्हणतो कायदाच तसा आहे, इलाज नाही. अर्धंच खरंय ते, कायदा पाट्यांना आणि कंडक्टरला बांधतो, तिकीट मात्र तुम्ही निवडाल त्या भाषेत मिळतं, म्हणून तर गडबड होते.

आपल्याकडचं कारण वेगळं. शहराचं नाव बदललं फेब्रुवारी २०२३ मध्ये, स्टेशनचं ऑक्टोबर २०२५ मध्ये, मधली अडीच वर्षं तिकीट जुन्याच नावाने निघत होतं. रेल्वेतून रिटायर झालेले आमचे एक मामा सांगतात की शहराचं नाव बदललं म्हणून स्टेशनचं आपोआप बदलत नाही, राज्याने वेगळा प्रस्ताव पाठवायचा, केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी घ्यायची, मग रेल्वे कोड ठरवणार, सिस्टिम आणि पाट्या बदलणार. स्टेशनचा कोड AWB चा CPSN झाला तो असा. अलाहाबादचंही तेच, शहर २०१८ ला प्रयागराज झालं आणि स्टेशन २०२० ला. मोठा भाऊ लगेच म्हणाला, "माझ्या जमिनीच्या कागदांवर अजून जुनंच नाव आहे, त्याचं काय?" तो महसूल खात्याचा प्रश्न, रेल्वेचा नाही, पण त्याचा त्रास खराच आहे.

नाव कुठलं असावं यावर घरच्या ग्रुपवर रोज भांडणं होतात आणि दोन्हीकडच्या लोकांना ते मनापासून वाटतं हे मला मान्य आहे. पण प्रवाशाचं काय, यावर कुणीच बोलत नाही. बाहेरगावचा म्हातारा माणूस नातवाने काढून दिलेलं तिकीट घेऊन बसतो, डब्यात सगळे दुसरंच नाव घेतायत, त्याने कुणाला विचारायचं?

ब्रसेल्सच्या एका स्टेशनवर फ्रेंच मिदी आणि डच झाउड ही दोन्ही नावं एकाच पाटीवर असतात आणि त्याने कुणाचा अपमान होत नाही. आपणही बदलानंतर काही वर्षं तिकिटावर आणि फलाटावर नवीन नाव मोठं आणि खाली जुनं बारीक अक्षरात छापावं असं मला ठाम वाटतं. मामा म्हणतात दोन वर्षं पुरेत, मला पाच तरी हवीत, यावर अजून आमचं जमलेलं नाही.