कात्री आहे का कात्री?

बँकेच्या हिशोबाने माझा एक चेक बेपत्ता आहे, आणि गेल्या मंगळवारी दादरच्या शाखेत ही बातमी इतक्या मोठ्या आवाजात सांगण्यात आली की पासबुक छापायच्या रांगेतली माणसंही माझ्याकडे वळून बघायला लागली. "मॅडम, एक चेक कमी आहे!" जणू मी सोन्याच्या दुकानातून एक बांगडी हातात घालून निघाले होते.

खातं जुन्या नोकरीचं. पगार येत होता तोवर त्यात शून्य रुपये असले तरी कुणी विचारत नव्हतं. पगार थांबल्यावर त्याचं गुपचूप साधं बचत खातं झालं आणि किमान शिल्लक ठेवा, किमान शिल्लक ठेवा असा जप फोनवर सुरू झाला. म्हटलं, बंदच करू. लेखी अर्ज, चेकबुक, कार्ड, पासबुक. चार वस्तू द्यायच्या आणि सुटायचं.

पहिली खेप फुकट गेली ती सहीपायी. खात्यावर नवऱ्याचंही नाव आहे. 'दोघांपैकी कोणीही' असं त्यावर लिहिलेलं असल्यामुळे पैसे काढायला एकाची सही पुरते. बंद करायला मात्र दोघांच्याही लागतात, कारण खातं चालवणं वेगळं आणि मोडणं वेगळं. हे मला माहीत असायला हवं होतं. नवरा ऐरोलीला ऑफिसात, मी दादरला काउंटरवर. फॉर्म घडी करून घरी नेला आणि पोळीच्या ताटाशेजारी ठेवून सही घेतली.

तर दुसऱ्या खेपेला हा बेपत्ता चेक.

काउंटरपलीकडच्या साहेबांचं गणित बरोबर होतं, हे आधीच कबूल करते. पंचवीस पानांचं चेकबुक, क्रमांक ००००२६ ते ००००५०. त्यांच्या स्क्रीनवर नऊ चेक पास झालेले. म्हणजे सोळा परत यायला हवेत. मी दिले पंधरा. बँक हे उगाच मोजत नाही. खातं बंद झाल्यावर कुठून तरी एक कोरा चेक उगवला, त्यावर कुणी सहीसारखं काही गिरवलं आणि तो भरला, तर तो 'खातं बंद' असा शेरा घेऊन परत जातो आणि पुढची पत्रापत्री माझ्या नावाने होते. चेक खरोखर मीच कुणाला देणं फेडायला दिलेला असेल, तर प्रकरण आणखी वाईट. खातं बंद करून चेक परत पाठवणं हेसुद्धा चेक न वटण्याच्या गुन्ह्याच्या कलम १३८ मध्ये बसतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच सांगून ठेवलं आहे. म्हणून अर्ज देण्याआधी बाहेर दिलेले सगळे चेक वटलेत ना, ते बघायचं. चेक तीन महिने जिवंत असतो, आणि आमच्या सोसायटीचे खजिनदार मेंटेनन्सचे चेक पेटीतून काढायला त्यातले दोन महिने घेतात.

पण मला आठवेना की अडतीस की चाळीस की कुठला चेक मी कुणाला दिला. आणि इथे काकू आल्या.

काकू म्हणजे माझ्या मागच्या खुर्चीवर टोकन घेऊन बसलेल्या बाई. वय सत्तरच्या आसपास, मांडीवर कापडी पिशवी. त्यांचं टोकन अजून अकरा नंबर लांब होतं, त्यामुळे माझं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

"अगं, घाबरतेस काय! कागद घे. सव्वीसपासून पन्नासपर्यंत आकडे मांड."

मी मांडले.

"आता साहेब, तुम्ही पास झालेले वाचा. हळू वाचा, हाऊजी खेळतोय असं समजा."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मॅनेजरची केबिन रिकामी होती. ते वाचू लागले. "सव्वीस… सत्तावीस… अठ्ठावीस…" मी खोडत गेले. "छत्तीस" झाल्यावर काकूंनी हात वर केला, "थांबा, आता हातातले." मग हातातले पंधरा त्यांनी स्वतःच पुकारले. त्यांच्या सोसायटीच्या गणपतीत हाऊजी त्याच घेतात, हे त्यांनी मध्येच सांगितलं आणि यंदा साउंडवाल्याने ऐनवेळी कसा घोळ घातला तेही. त्यात बत्तीस आणि पस्तीस हे खाडाखोड झालेले चेक होते. चेकवर खाडाखोड चालत नाही, म्हणून नवा लिहिला होता आणि हे ड्रॉवरमध्ये टाकले होते. बिघडलेले चेक फाडून कचऱ्यात टाकले असते तर आज तीन बेपत्ता ठरले असते. नऊ आणि पंधरा, चोवीस आकडे खोडले आणि कागदावर एकटा अडतीस उरला.

"फुल हाऊस!" काकू म्हणाल्या. रखवालदार हसला.

चेकबुकाच्या आतल्या नोंदीच्या पानावर, जिथे मी सहसा काहीच लिहीत नाही, तिथे पेन्सिलने खरडलं होतं: ३८, रद्द, एसआयपी. म्हणजे म्युच्युअल फंडाच्या अर्जाला जोडलेला रद्द चेक. खाते क्रमांकाचा पुरावा म्हणून दोन तिरक्या रेघा मारून, मध्ये 'रद्द' लिहून दिलेला. घोळ असा की हा चेक कधीच कुणी भरत नाही, त्यामुळे तो बँकेपर्यंत पोचतच नाही. तो कुठल्याशा फायलीत सुखाने पडून राहतो आणि बँकेच्या नोंदीत मात्र 'न वापरलेला' म्हणून जिवंत असतो. गृहकर्ज, नवी नोकरी, विमा, दरवेळी एक रद्द चेक मागतात. दहा वर्षं खातं चालवलेल्या माणसाचे असे चार-पाच तरी फिरत असणार.

"मग त्याला स्टॉप पेमेंट लावा आणि अर्जात तसं लिहा," साहेब म्हणाले. "इथून लावला तर चार्ज पडेल, वर जीएसटी. मोबाइलवरून लावा, फ्री आहे."

हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं. बातमी तेवढी मोठ्याने. मी तिथेच उभ्या उभ्या नेटबँकिंगवरून अडतीसला स्टॉप लावला आणि अर्जाखाली ओळ वाढवली: "चेक क्र. ००००३८ रद्द करून एसआयपीच्या अर्जाला जोडला होता, तो माझ्याकडे नाही, त्यावर स्टॉप पेमेंट लावले आहे." नेटबँकिंग चालू आहे तोवरच ही कामं उरकायची. खातं बंद झालं की लॉगिनही जातं, म्हणून स्टेटमेंट आणि व्याजाचा दाखला आदल्या रात्रीच उतरवून ठेवला होता. जुलैमध्ये रिटर्न भरताना या खात्याचं व्याज दाखवावं लागतंच, खातं हयात असो वा नसो. आणि ती एसआयपी मी दोन महिन्यांपूर्वीच दुसऱ्या खात्यावर हलवली होती. नव्या खात्यातून एक हप्ता गेलेला डोळ्यांनी दिसेपर्यंत जुन्याला हात लावायचा नाही. तेवढं तरी शहाणपण मी केलं होतं, पण ते बघायला तिथे कुणी नव्हतं.

फॉर्मवर 'बंद करण्याचे कारण' असा रकाना होता.

"लिही, कंटाळा," काकू म्हणाल्या.

"कंटाळा चालत नाही," साहेब म्हणाले. "पर्सनल लिहा."

मी पर्सनल लिहिलं. किमान शिल्लक, जप, एका चेकपायी दिलेली दवंडी, सगळं त्या पर्सनलमध्ये आलं.

"कार्ड कापून द्या."

कशाने? काउंटरवरची कात्री म्हणे सकाळपासून दिसत नव्हती. एवढ्या मोठ्या बँकेत, जिथे पेनसुद्धा दोरीला बांधलेलं असतं, तिथे कात्री नाही. शेजारच्या काउंटरवर विचारलं, लोनवाल्यांकडे विचारलं. मागून कापडी पिशवीतून हात आला, हातात दुधाच्या पिशव्या कापायची असते तसली लाल मुठीची कात्री.

मी कार्डाचा एक कोपरा कापला.

"अगं, कोपरा काय कापतेस! ती काय कोथिंबीर आहे? चिपवरून काप!"

आणि काकू शंभर टक्के बरोबर होत्या. कोपरा कापलेलं कार्ड मशीनमध्ये चालू शकतं. डावीकडे ती सोनेरी चिप असते, मागे वरच्या बाजूला काळी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत. चिपच्या मधून वरपासून खालपर्यंत एक उभा काप घेतला की चिप आणि पट्टी एकाच घावात जातात. मग दुसरा काप क्रमांकावरून. नवऱ्याच्या नावाचं दुसरं कार्डही असतं, ते विसरायचं नाही. मात्र कात्रीने फक्त प्लास्टिक मरतं. क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे ज्याच्याकडे असतील, त्याच्यासाठी कार्ड ऑनलाइन जिवंतच. म्हणून आधी ॲपमधून कायमचं ब्लॉक, मग कात्री. मी हे काकूंना सांगितलं. आख्ख्या तासात मी त्यांना सांगितलेली ही एकच नवी गोष्ट. त्यांनी मान डोलावली आणि दुसरं कार्ड माझ्या हातातून काढून घेऊन स्वतःच कापलं.

"काकू, कात्री जरा राहू द्या इथे आजच्या दिवस," साहेब म्हणाले.

"नको हो. पेनासारखी दोरीला बांधून ठेवाल."

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर मी पोचेचा शिक्का मागितला. शिक्का मिळवायला पाच मिनिटं गेली, कारण तो देणारा जेवायला निघाला होता. शिक्क्यावरची तारीख आदल्या दिवसाची. सकाळी कुणी चक्र फिरवलंच नव्हतं. पोचेवरची तारीख नेहमी वाचावी. उद्या बँकेने दाद दिली नाही आणि तक्रार करायची वेळ आली, तर कधी काय दिलं याचा माझ्याकडचा पुरावा तेवढाच. कालची तारीख माझ्या फायद्याची होती, तरी मी ती खोडून आजची घालायला लावली आणि बाजूला सही घेतली. खाडाखोड बँकेने केलेली चालते.

निघणार तेवढ्यात साहेबांनी हाक मारली.

"मॅडम, शिल्लक तीन हजार आठशे सहा आहे. कुठल्या खात्यात पाठवायची? त्या बँकेचा एक रद्द चेक जोडा."

पर्समध्ये नवीन बँकेचं नवंकोरं चेकबुक होतं. पहिलं पान फाडलं, दोन तिरक्या रेघा मारल्या, मध्ये 'रद्द' लिहिलं. सही केली नाही. रद्द चेकवर सही लागत नाही, आणि सहीचा नमुना कशाला वाटत फिरायचं.

"आधी नंबर लिहून घे," काकू मागून म्हणाल्या. त्यांचं टोकन अजून चार नंबर लांब होतं.

नोंदीच्या पानावर मी पहिल्याच ओळीत लिहिलं: १, रद्द, जुनं खातं बंद करायला.