तीन लाखांतले पंधरा हजार

वैयक्तिक कर्ज मंजूर झाल्याचा संदेश सकाळी आला, पैसे जमा झाल्याचा दुपारी आला, आणि तेवढ्या अवधीत ३,००,००० रुपयांचे २,८४,६७५ रुपये झाले होते. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी कंत्राटदाराला पूर्ण तीन लाख द्यायचे ठरले होते. मी त्यांना फोनवर परिस्थिती सांगितली तेव्हा, उरलेल्या पंधरा हजारांत जेवढी गच्ची बसते तेवढी आपण गळती ठेवू, असे ते अतिशय सौजन्याने म्हणाले.

बँकेतल्या अधिकारी बाईंनी मला केएफएस दाखवला. कर्जाची ठळक माहिती एका जागी देणारा हा कागद १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमाने द्यावाच लागतो, त्यामुळे माझ्या पंधरा हजारांचे काय झाले हे त्यात स्वच्छ छापलेले होते. दोन टक्के दराने प्रक्रिया शुल्क ६,००० रुपये. या शुल्कावर अठरा टक्के जीएसटी १,०८० रुपये. कर्जसुरक्षा विम्याचा एकरकमी हप्ता ८,२४५ रुपये. बेरीज १५,३२५. व्याजावर जीएसटी लागत नाही, हे बाईंनी अशा सुरात सांगितले की मला त्यांचे आभार मानावेसे वाटले.

शुल्काबद्दल माझी फारशी तक्रार नव्हती, कारण दर आधी सांगितला होता. विमा मात्र विलक्षण वस्तू निघाली. मी मध्येच वारलो तर विमा कंपनी माझे उरलेले कर्ज बँकेला फेडणार. संरक्षणाची रक्कम ठरलेल्या हप्त्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे महिन्यामहिन्याला घटत जाणार. मी हप्ते थकवून वारलो, तर त्या थकबाकीचा आणि दंडाचा भार विमा उचलेलच असे नाही. थोडक्यात, मरायचे असल्यास खाते नियमित ठेवून मरावे, अशी अपेक्षा होती.

“मॅडम, हा विमा सक्तीचा आहे का?”

“अजिबात नाही, सर, पूर्णपणे ऐच्छिक आहे. फक्त तो भरल्याशिवाय आमची सिस्टिम पुढे जात नाही.”

खरी गंमत हप्त्यात आहे. खात्यात २,८४,६७५ आले तरी व्याज पूर्ण तीन लाखांवर चालू होते, कारण वजावट ही बँकेच्या हिशोबात मीच कर्जातून केलेला खर्च असतो. चौदा टक्क्यांनी तीन वर्षांचा हप्ता १०,२५३ रुपये येतो, आणि तो तीन लाखांचा येतो. म्हणजे जे ८,२४५ रुपये माझ्या हाताला लागलेच नाहीत, त्यांच्यापोटी मी तीन वर्षांत सुमारे १०,१४५ रुपये फेडणार. सरकारजमा झालेले १,०८० रुपयेसुद्धा मी चौदा टक्क्यांनी उसने घेऊनच भरले आहेत, ते मला १,३२९ रुपयांना पडतील. करावर व्याज भरणारा इतका तत्पर करदाता सरकारला शोधूनही सापडणार नाही.

केएफएसमध्ये एपीआर नावाचा एक आकडा असतो. तो पाहायचा असतो, कारण त्यात ही सगळी वजावट वार्षिक दरात मिसळलेली असते. माझा चौदा टक्क्यांचा दर तिथे सुमारे १७.७ टक्के झाला होता. विमा वगळला असता तर तो १५.७ च्या आसपास राहिला असता. घरात दुसरा पुरेसा मुदतीचा विमा असलेल्या माणसाला हे दोन टक्के नाहक पडतात, असे माझे मत आहे. विम्याच्या प्रमाणपत्रावर तीस दिवसांचा फेरविचार काळ छापलेला होता. त्या आत मी लेखी अर्ज केला आणि गेलेल्या दिवसांचे संरक्षण व किरकोळ खर्च वजा होऊन हप्ता परत मिळाला. तो माझ्या हातात आला नाही, थेट कर्जखात्यात जमा झाला. कंत्राटदारांना त्यामुळे काहीच आनंद झाला नाही.

हे सारे ऐकून मेहुण्यानेही कर्ज काढायचे ठरवले. “भावोजी, मी शहाणा आहे. विमा घेणार नाही, आणि शुल्क व करापोटी जाणारे ७,०८० रुपये आधीच वाढवून मागतो. हातात तीन लाख पूर्ण.”

वाढीव सात हजारांवरही बँक दोन टक्के आणि त्यावर कर घेते, हे त्याला कागदावर करून दाखवावे लागले. ३,०७,०८० मागितले तर ७,२४७ कापले जातात आणि हातात २,९९,८३३ येतात. १६७ रुपये कमीच. शंभरातून २.३६ जाणार असतील, तर तीन लाखांना ०.९७६४ ने भागावे लागते. उत्तर ३,०७,२५१ येते. मेहुण्याने ते उत्साहाने अर्जात लिहिले. पलीकडच्या अधिकाऱ्याने आकडा पाहिला, त्यांच्याकडे कर्ज हजारांच्या पटीत देतात असे सांगितले आणि ३,०८,००० केले. शुल्क व कर वजा जाऊन त्याच्या खात्यात ३,००,७३१ रुपये आले. वरचे ७३१ रुपये पाहून तो इतका हरखला की, त्यांच्यावरही चौदा टक्के चालू झाले आहेत हे मी त्याला अजून सांगितलेले नाही.